दहा मिनिटांची पालकभेट : तयारी, बोलण्याचा क्रम व वेळेची आखणी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा दिनांक १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घेणे, आणि बालकाच्या उपस्थितीतील नियमितपणा, त्याची शिकण्याची क्षमता, शिकण्यात झालेली प्रगती व इतर संबद्ध माहिती पालकांस देणे हे त्यांपैकी एक कर्तव्य होय. या तरतुदीस अनुसरून बहुतेक शाळांतून पालकसभा भरतात. तथापि सभेत पन्नास पालकांसमोर कोणा एकाच्या मुलाची वजाबाकी कोठे अडते हे सांगता येत नाही, आणि सांगूही नये. ते काम एकेका पालकाशी स्वतंत्रपणे बोलूनच व्हावयास हवे. असे बोलणे दहा मिनिटांत कसे पुरे करावे, त्यासाठी अगोदर काय लिहून ठेवावे आणि कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने बोलावी, याचा विचार या पाठात केला आहे.

दहाच मिनिटे का, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर वर्गाच्या पटात आहे. चोवीस मुलांच्या वर्गात प्रत्येक पालकास अर्धा तास द्यावयाचा म्हटल्यास बारा तास लागतात, आणि मग पहिल्या सात-आठ पालकांची भेट होऊन बाकीच्यांची राहून जाते. राहून गेलेल्यांत बहुधा तेच पालक असतात, ज्यांची भेट सर्वांत आवश्यक असते. उलट पाच मिनिटांची भेट म्हणजे प्रगतिपुस्तकावर सही घेणे एवढेच होते. दहा मिनिटांत एक गोष्ट ऐकता येते, एक दाखविता येते व एक ठरविता येते. त्याहून अधिक काही साधण्याचा आग्रह मात्र धरू नये.

भेटीपूर्वीची चिठ्ठी

दहा मिनिटांची भेट पार पडते ती आदल्या दिवसांतील तयारीवर. प्रत्येक मुलासाठी पोस्टकार्डाएवढा एक कागद घ्यावा व त्यावर पाच ओळी लिहाव्यात.

१. उपस्थिती : कामाचे दिवस किती, हजर दिवस किती, आणि गैरहजेरीत काही नियम दिसतो काय? (उदाहरणार्थ, ती नेहमी बाजाराच्या दिवशीच पडते काय?)
२. मुलाला निश्चितपणे येणारी एक गोष्ट, व ती वहीच्या कोणत्या पानावर दिसते.
३. अडणारी एक गोष्ट, व तिचेही पान.
४. शाळा काय करील.
५. घराने काय करावे.

दुसऱ्या ओळीत “हुशार आहे”, “गुणी आहे” असे शब्द लिहू नयेत. “नवा परिच्छेद न अडखळता वाचतो”, “गोष्ट ऐकून तिचा शेवट स्वतः सांगते” असे, पालकाला डोळ्यांनी पाहता किंवा कानांनी ऐकता येईल असे लिहावे. तिसऱ्या ओळीसही हाच नियम लागू आहे. “गणितात कच्चा” हे वाक्य पालकाच्या हाती काहीच देत नाही. फार झाले तर तो घरी जाऊन मुलाला “अभ्यास कर” म्हणून दटावतो. प्रगतिपुस्तकातील “ब-२” किंवा “क-१” या श्रेणीचेही तसेच आहे. ती आकारिक व संकलित मूल्यमापनाचा निष्कर्ष सांगते, पण मूल नेमके कोठे अडले हे सांगत नाही.

तिसरी ओळ लिहिताना अडचणी अनेक दिसतील. अक्षर वळणदार नाही, पाढे येत नाहीत, वजाबाकी चुकते, वर्गात बोलत नाही. यांतून एकच निवडावयाची आहे. निवडण्यासाठी स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. ही अडचण राहिली तर पुढचे शिकणे अडेल काय? आणि या अडचणीवर घराला काही करता येण्याजोगे आहे काय? दोन्ही प्रश्नांस ‘होय’ असे उत्तर येईल ती अडचण या भेटीची. बाकीच्या नोंदवहीत राहू द्याव्यात. चार तक्रारी एकदम ऐकलेला पालक चारही विसरतो, आणि आपले मूल वाया गेले एवढेच ध्यानात घेऊन घरी जातो.

एका चिठ्ठीस सुमारे सहा मिनिटे लागतात. चोवीस मुलांच्या चिठ्ठ्या एका बैठकीत लिहावयास घेतल्या तर पुढच्या चिठ्ठ्यांतून तेच ते शब्द उतरू लागतात. म्हणून रोज चार याप्रमाणे सहा दिवसांत त्या पुऱ्या कराव्यात. त्या दिवशी ज्या चार मुलांच्या चिठ्ठ्या लिहावयाच्या त्यांच्या वह्या समोर असाव्यात.

दहा मिनिटांची वाटणी

पहिले मिनिट : स्वागत. पालकास आपल्यासमोर नव्हे, तर टेबलाच्या कडेला, वही दोघांनाही दिसेल असे बसवावे. आपल्याजवळ दहा मिनिटे आहेत, आज मुलाच्या शिकण्याविषयी बोलू, हे साध्या शब्दांत सांगावे. वेळ प्रथमच सांगितली म्हणजे शेवटी उठताना कोणाचा अवमान होत नाही.

दुसरे व तिसरे मिनिट : पालकाने बोलावयाचे. येथे एकच प्रश्न विचारावा : “शाळेतलं घरी काय काय सांगतो?” किंवा “घरी कशात रमते?” प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहावे. पुष्कळ पालक, विशेषतः जे स्वतः शाळेत फार गेले नाहीत असे, “तुम्हीच सांगा गुरुजी” म्हणतात. तेव्हा प्रश्न अधिक सोपा करावा, पण आपले बोलणे सुरू करू नये. घरची ही दोन मिनिटे प्रथम ठेवण्याचे कारण असे की, शिक्षकाने आरंभी एकदा मत सांगितले म्हणजे त्याला धरूनच पालक बोलतो. मग आपणास ठाऊक नसलेले काहीच कानी पडत नाही.

चौथे मिनिट : येणारी गोष्ट दाखविणे. वहीचे पान उघडावे व त्यावर बोट ठेवून सांगावे. याच मिनिटात उपस्थितीचे आकडे सांगून टाकावेत. गैरहजेरी हीच त्या मुलाची मुख्य अडचण असेल, तर मात्र ती पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावी.

पाचवे, सहावे व सातवे मिनिट : अडणारी एक गोष्ट. ती सांगू नये, तर दाखवावी, आणि शक्य तर पालकाच्या रोजच्या व्यवहारातील वस्तूंनी दाखवावी. ही तीन मिनिटे भेटीचा गाभा होत.

आठवे व नववे मिनिट : दोन कामे ठरविणे, एक शाळेचे आणि एक घराचे. शाळेचे काम आधी सांगावे. आपण काय करणार हे शिक्षकाने प्रथम सांगितले म्हणजे घराचे काम हुकूम वाटत नाही.

दहावे मिनिट : उजळणी. “आता घरी जाऊन तुम्ही काय करणार, ते एकदा मला सांगा,” असे पालकास विचारावे. त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले तर भेट साधली. केवळ “बरं” म्हणाला तर काम समजले नाही, किंवा जमण्याजोगे नाही, असे समजावे आणि तेथल्या तेथे ते लहान करावे. शेवटी पुन्हा केव्हा पाहू तो दिवस सांगून उठावे.

एक उदाहरण

आता हा क्रम एका उदाहरणात पाहू. इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी घ्या. वडील ऊसतोडीस जातात, आई घरी राहून भाजीपाला पिकविते व आठवड्याच्या बाजारात विकते. सत्राअखेरीस मुलीची उपस्थिती ७२ दिवसांपैकी ६८. वाचन चांगले. गणिताच्या वहीत मात्र पुढील उत्तरे आढळतात :

६८ − २५ = ४३
५२ − २७ = ३५
६३ − १८ = ५५
७० − ३४ = ४४

पहिले उत्तर बरोबर, पुढील तीन चूक. वरवर पाहणाऱ्यास ही निष्काळजीपणाची चूक वाटेल. पण तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. बावन्नातून सत्तावीस वजा करताना एककाच्या घरी दोनातून सात जात नाहीत, तेव्हा मुलगी उलट सातातून दोन वजा करून पाच लिहिते. दशकांच्या घरी पाचातून दोन गेले, तीन राहिले. उत्तर पस्तीस. पुढील दोन उदाहरणांतही प्रत्येक घरी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला आहे. म्हणजे तिला वजाबाकीची तथ्ये येतात. दशक सुटा करावयाचा असतो ही एकच गोष्ट तिच्या लेखी कामात उतरलेली नाही. शिक्षकाने चिठ्ठीच्या तिसऱ्या ओळीत लिहिले : “हातच्याची वजाबाकी : लहान अंकातून मोठा जात नसेल तेथे उलट वजा करते. गणित वही, पान १८.” अक्षर खराब असल्याची नोंदही होती. तिच्यामुळे पुढचे अडणार नाही म्हणून ती वगळली.

भेटीच्या दिवशी आई आली. स्वागतानंतर शिक्षकाने विचारले, “ताई, शाळेतलं घरी काय सांगते ती?”

“गोष्टी सांगती धाकट्याला. पुस्तकातल्या,” आई म्हणाली. थोडे थांबून तिने सांगितले, “हिशोबाचं काय सांगत न्हाई. वही दाव म्हणलं की दप्तरात लपवती.”

हे शिक्षकास ठाऊक नव्हते. त्याने चिठ्ठीच्या मागे तेवढेच टिपून घेतले. नंतर मराठीच्या वहीतील मुलीने स्वतः लिहिलेला आठ ओळींचा मजकूर उघडला, त्यातील दोन ओळी वाचून दाखविल्या आणि बहात्तर दिवसांत ती केवळ चार दिवस चुकली हे सांगितले.

मग गणिताची वही उघडण्यापूर्वी त्याने खणातून दहाच्या पाच नोटा व एक रुपयाची दोन नाणी काढून टेबलावर ठेवली.

“ताई, हे किती?”

“बावन्न.”

“यातून मला सत्तावीस द्या.”

आईने दोन नोटा काढल्या, नाण्यांकडे पाहिले आणि म्हणाली, “सुटं न्हाई की. एक नोट मोडावी लागंल.”

शिक्षकाने एक नोट घेऊन दहा नाणी दिली. आता नाणी बारा झाली. आईने सात मोजून दिली, पाच उरली. नोटा दोन उरल्या. “पंचवीस ऱ्हायले,” ती म्हणाली.

“तुम्ही नोट मोडलीत. कागदावर ती हे मोडणंच विसरते. हे पाहा,” असे म्हणून शिक्षकाने वहीतील गणित दाखविले. “दोन नाण्यांतून सात जात नाहीत, तेव्हा ती उलट सातातून दोन काढते. बाकी सारं तिला येतं. एवढी एकच खोच आहे.”

आई अक्षरे वाचू शकत नव्हती, पण मुलगी कोठे चुकते हे तिला कळले. वही लपविण्याचे कारणही तिच्या ध्यानात आले असावे, कारण ती आपणहून म्हणाली, “म्या तिला येडी समजत हुते.”

येथे सात मिनिटे झाली. शिक्षकाने शाळेचे काम सांगितले : आठवड्यातून तीन दिवस, दहा दहा मिनिटे, खेळातल्या नोटा व नाणी घेऊन प्रथम हाताने वजाबाकी व लगेच तीच वजाबाकी वहीत. घराचे काम असे ठरले की, बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलीने आईजवळ बसावे, तीन गिऱ्हाइकांचे उरलेले पैसे तिने मोजून द्यावेत, आणि दर वेळी आईने विचारावे, “नोट मोडलीस का?”

हा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. बाजारात उरलेले पैसे देताना माणसे बहुधा वजाबाकी करीतच नाहीत. सत्तावीसची भाजी घेऊन कोणी पन्नास दिले, तर आपण सत्तावीसाचे तीस, तिसाचे पन्नास असे वर मोजत जातो. ही रीत चांगली आहे, पण तिने लेखी वजाबाकीतील चूक सुधारत नाही. मूल बाजारात अचूक पैसे देईल आणि वहीत पुन्हा पस्तीसच लिहील. नोट मोडली काय, या प्रश्नाने मुलीचे लक्ष दशक सुटा करण्याकडे वळते, आणि शाळेत तीच कृती अंकांशी जोडली जाते. घराचे काम व शाळेचे काम असे एकमेकांस लागून असावे. घराने निराळे व शाळेने निराळे करण्यात अर्थ नाही.

शेवटच्या मिनिटात शिक्षकाने विचारले, “मग ताई, बाजारच्या दिवशी काय करायचं?” आई म्हणाली, “तीन गिऱ्हाइकांचं तिनं द्यायचं, आन् नोट मोडलीस का इचारायचं. वरडायचं न्हाई.” शेवटचे वाक्य शिक्षकाने सांगितलेले नव्हते. तीन आठवड्यांनी निरोप पाठवितो, असे सांगून भेट संपली.

तीन आठवड्यांनी पडताळा घ्यावयाचा तो सहा गणितांचा. त्यांपैकी चार हातच्याची व दोन बिनहातच्याची असावीत आणि ती मिसळलेली असावीत. याचे कारण, हातच्याचा सराव झालेली मुले पुढे जेथे गरज नाही तेथेही दशक सुटा करू लागतात. अडुसष्टातून पंचवीस वजा करतानाही जर तिने सहाचे पाच केले, तर कृती पाठ झाली आहे, समज आलेली नाही, असे ओळखावे आणि पुन्हा नोटा-नाण्यांकडे वळावे. सहापैकी पाच बरोबर आली व चुकलेल्यातही उलट वजाबाकी नसली, तर अडचण दूर झाली, असा निरोप घरी जावा. चांगला निरोपही घरी जावयास हवा. नाही तर शाळेचा निरोप म्हणजे तक्रार, असा समज घरी रुजतो.

वेळेची आखणी

भेट दहा मिनिटांची असली तरी दोन भेटींत बारा मिनिटांचे अंतर ठेवावे. उरलेल्या दोन मिनिटांत नोंद लिहावी व पुढची चिठ्ठी वाचावी. ही दोन मिनिटे सोडून दिली तर तिसऱ्या पालकापासून मागच्या मुलाचे बोलणे पुढच्यात मिसळते. बारा मिनिटांच्या हिशोबाने तासात पाच व दोन तासांत दहा जागा होतात. त्यांपैकी सहावी जागा रिकामी सोडावी. कोणाची भेट लांबली तर ती तेथे सावरता येते. सायंकाळी साडेपाचला आरंभ केला तर वेळा अशा येतील : ५-३०, ५-४२, ५-५४, ६-०६, ६-१८, (६-३० रिकामी), ६-४२, ६-५४, ७-०६, ७-१८. साडेसातला काम संपते. एका बैठकीत नऊ भेटी झाल्या. पहिल्या दोन बैठकींत अठरा पालक, तिसऱ्या बैठकीत उरलेले सहा, आणि तिसऱ्या बैठकीतील शिल्लक तीन जागा आधी येऊ न शकलेल्यांसाठी, याप्रमाणे चोवीस मुलांचा वर्ग तीन बैठकींत पुरा होतो.

तीन बैठकी तीन निरनिराळ्या वेळी ठेवाव्यात. एक सायंकाळी, एक शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, आणि तिसरी गावच्या सोयीप्रमाणे. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकाचा अर्धा दिवस मोडून त्याला बोलावणे म्हणजे त्याची मजुरी बुडविणे होय. मग तो आला नाही तर अनास्थेचा दोष त्याला देता येणार नाही. पेरणी, कापसाची वेचणी किंवा गावची जत्रा या दिवसांत भेटी ठेवू नयेत. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्यांच्या भेटी सर्वांत आधी, मुक्काम हलण्यापूर्वी घ्याव्यात. मूल आजी-आजोबांजवळ राहणार असेल तर त्यांना बरोबर बोलवावे, कारण ठरलेले काम त्यांनाच करावयाचे असते.

निमंत्रण चार दिवस आधी जावे आणि त्यात दिवस व वेळ दोन्ही असावीत. “सायंकाळी या” म्हटले म्हणजे सारे एकदम येतात व शेवटच्यास दीड तास ताटकळावे लागते. ज्या घरी चिठ्ठी वाचणारे कोणी नाही तेथे मुलाकडून वेळ पाठ म्हणवून घ्यावी, किंवा भ्रमणध्वनीवर बोलून सांगावी. वाट पाहणाऱ्यांची बसण्याची सोय व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकास करावी. आत बोललेले बाहेर ऐकू येत असेल तर पालक मोकळे बोलणार नाही, आणि एकाच्या मुलाची गोष्ट दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर निघेल. याच कारणास्तव टेबलावर त्या त्या मुलाची वही व प्रगतिपुस्तक एवढेच असावे, साऱ्या वर्गाचे निकालपत्रक असू नये.

क्रम कोठे मोडतो

लिहून ठेवलेला क्रम नेहमीच चालेल असे नाही. तो प्रामुख्याने तीन ठिकाणी मोडतो.

पहिले ठिकाण, पालक दुसरीच तक्रार घेऊन येतो. शालेय पोषण आहार, गणवेश, शिष्यवृत्तीचे पैसे, असे काहीही. ती तक्रार अडवू नये व तिच्यावर वादही घालू नये. ती त्याच्यासमोर वहीत लिहून घ्यावी, मुख्याध्यापकांकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवू असे सांगावे आणि मग मुलाकडे वळावे. लिहिलेले पालकाने डोळ्यांनी पाहिले म्हणजे त्याचे मन मोकळे होते. लिहिलेले पुढे नेणे मात्र चुकवू नये, नाही तर पुढच्या भेटीला तो येणार नाही.

दुसरे ठिकाण, अडचण ऐकून पालक म्हणतो, “गुरुजी, खुशाल मारा, आमची हरकत नाही.” पालकाची संमती असली तरी त्याच अधिनियमाच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे, हे शांतपणे सांगावे. पण तेवढ्यावर थांबू नये. असे बोलणारा पालक बहुधा घरीही मारतो, आणि आपण दाखविलेली अडचण हेच आज संध्याकाळचे निमित्त होण्याचा संभव असतो. अशा वेळी वहीतील येणाऱ्या गोष्टीचे पान पुन्हा उघडावे आणि घराचे काम पालकाने मुलासोबत बसून करावयाचे असे ठेवावे, मुलावर लादावयाचे असे ठेवू नये. दुसऱ्या दिवशी ते मूल गैरहजर राहिले, किंवा आले पण आपल्यापासून दूर बसले, तर भेट बिघडली असे समजावे व घरी जाऊन यावे.

तिसरे ठिकाण, दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटातच पालक काही गंभीर सांगतो. मुलगी रात्री घाबरून उठते, वडिलांचे व्यसन आहे, मुलास नीट ऐकू येत नाही. येथे आपली चिठ्ठी बाजूस ठेवावी. वजाबाकी महिनाभर थांबू शकते. परंतु हे बोलणे दहा मिनिटांत कोंबूही नये. “हे नीट बोलावयास हवे, उद्या शाळा सुटल्यावर मी थांबतो,” असे सांगून वेळ तेथेच ठरवावी व ती पाळावी. ऐकण्या-पाहण्यातील शंका असेल तर मुलास आरोग्य केंद्रात दाखविण्याचे त्याच भेटीत ठरवावे. निदान आपण करू नये.

नोंद

प्रत्येक भेटीनंतरच्या दोन मिनिटांत एका वहीत सहा रकाने भरावेत : दिनांक, भेटीस कोण आले, घरून कळलेली गोष्ट, दाखविलेली अडचण, ठरलेली दोन कामे, पडताळ्याचा दिवस. वर उदाहरणात घेतलेल्या मुलीची नोंद अशी होईल : “आई. गणिताची वही घरी लपविते. हातच्याची वजाबाकी. शाळा : नोटा-नाण्यांनी सराव, आठवड्यातून तीनदा, घर : बाजारात तीन गिऱ्हाइकांचे पैसे, ‘नोट मोडलीस का?’. तीन आठवड्यांनी सहा गणिते.” एवढे पुरे आहे. पुढील सत्रातील भेटीपूर्वी ही ओळ वाचून पालकास प्रथम तेच विचारावे. मागे ठरलेल्या गोष्टीचा उल्लेख झाला नाही, तर ती कोणी मनावर घेतली नव्हती असा अर्थ पालक काढतो.

या वहीतील तिसरा रकाना सत्राअखेरीस एकदा सलग वाचावा. तो बहुतेक कोरा असेल, तर दुसरे व तिसरे मिनिट पालकांस मिळाले नाही, सर्व वेळ शिक्षकच बोलत राहिले, असे निश्चित समजावे. पुढील सत्रात त्या दोन मिनिटांपासूनच सुधारणेस आरंभ करावा.